शॅम्पू, पायजमा, बंगला: इंग्रजीत जाऊन आलेले शब्द मराठीत कसे लिहायचे?

प्रश्न: एका इंग्रजी आठवणींच्या पुस्तकाचं भाषांतर करतेय. अर्धं पुस्तक लेखिकेच्या पूर्वजांच्या पत्रांवरून, म्हणजे १८३० च्या आसपासच्या हिंदुस्थानात घडतं आणि अर्धं आजच्या इंग्लंडमध्ये. शॅम्पू, पजामा, बंगलो, थग, टँक असे आपल्याकडून गेलेले शब्द पानोपानी आहेत. संपादक म्हणतात, आपलेच शब्द आहेत, मूळ रूपात लिही. पण तसं लिहिलं की वाक्यं खटकतात. जिने चढवत नाहीत म्हणून म्हातारी बाई बंगल्यात राहायला जाते, हे वाचून कुणाला काय कळणार? नियम काय धरायचा?

उत्तर:

आधी तुमच्या म्हातारीच्या घराचं बघू. ती 'बैठ्या घरात' राहायला गेली, असं लिहा.

मराठीत 'बंगला' म्हटलं की स्वतंत्र घर, भोवती बाग, बहुधा वर एखादा मजला आणि घरात चार पैसे, हे सगळं एकदम डोळ्यांपुढे उभं राहतं. आजच्या इंग्लंडमधल्या माणसाला 'बंगलो' म्हटल्यावर दिसतं ते जिना नसलेलं एकमजली घर. श्रीमंतीशी त्याचा काही संबंध नाही. गुडघे दुखायला लागले की लोक मोठं घर विकून अशा घरात जातात. म्हणजे तुमच्या वाक्यातलं कारण, जिने चढवत नाहीत हे, त्या एका शब्दातच दडलेलं आहे. 'बंगला' लिहिलं की ते कारण गळून पडतं आणि म्हातारीला अचानक घबाड मिळाल्यासारखं वाटतं. 'बैठं घर' हा आपला रोजचा शब्द नेमकी तीच गोष्ट सांगतो.

हे झालं कसं, तेही थोडक्यात सांगते, कारण पुढची सगळी उत्तरं त्याच वाटेने जातात. बंगला म्हणजे मुळात बंगाली धाटणीचं घर: एकमजली, उतरत्या शाकारलेल्या छपराचं. कंपनीच्या साहेबांनी ती धाटणी उचलली आणि छावण्यांमध्ये, मोकळ्या आवारात, भोवती व्हरांडा काढून तशी घरं बांधली. हा प्रकार शब्दासकट विलायतेला गेला आणि १८७० च्या सुमारास केंटच्या किनाऱ्यावर हवा खायला येणाऱ्यांसाठी 'बंगलो' उभे राहिले. तिथून पुढे इंग्रजांनी या घराची एकच खूण लक्षात ठेवली, की त्याला वरचा मजला नसतो. आपण दुसरी खूण ठेवली: साहेबाचं, ऐटीचं, स्वतंत्र घर. बंगल्यावर मजला चढला तरी आपल्याला तो बंगलाच वाटतो. एका शब्दाच्या दोन फांद्या दोन दिशांना वाढल्या.

त्यामुळे तुमच्या पुस्तकाच्या पहिल्या अर्ध्या भागात 'बंगला' चालेल, चालेल कसला, तोच हवा. दुसऱ्या भागात 'बैठं घर'. एकाच इंग्रजी शब्दाला एका पुस्तकात दोन मराठी शब्द आले म्हणून बिचकू नका. सगळीकडे एकच प्रतिशब्द ठेवण्याचा आग्रह कायद्याच्या किंवा तांत्रिक मजकुरात योग्य असतो. इथे दोनशे वर्षांचं अंतर आहे आणि त्या अंतरात शब्दाखालची वस्तू बदललेली आहे.

आता संपादकांच्या 'आपलेच शब्द' या म्हणण्याबद्दल. मी गेली २२ वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते, आणि हे वाक्य दर दोन-तीन पुस्तकांमागे एकदा ऐकते. त्यामागचा जिव्हाळा मला कळतो. पण या यादीतले बरेच शब्द भारतातले असले तरी मराठीतले नाहीत. शॅम्पू हिंदुस्थानीतून गेला, कॅटामरान तमिळमधून, टीक मल्याळममधून पोर्तुगीजांच्या हातून. 'टीक'चं मूळ रूप लिहायचं तर 'तेक्क' लिहावं लागेल, आणि मराठी वाचक त्याला साग म्हणतो. दोऱ्या आणि पायपुसणी ज्याची होतात तो 'कॉयर' मल्याळममधल्या 'कयर'वरून आला, मराठीत तो काथ्या. तेव्हा 'मूळ रूपात लिहा' हा नियम पहिल्या दहा पानांतच मोडतो. जिथे मराठीत त्या वस्तूला स्वतःचा शब्द आहे तिथे तो वापरायचा. मग इंग्रजी शब्दाचं आजोळ कुठलं का असेना.

काही शब्दांना मात्र हात लावायची गरजच पडत नाही. 'मंगूस' हा शब्द इंग्रजीत आपल्या मुंगुसावरून गेला, आणि ते मुंगूस लंडनच्या प्राणिसंग्रहालयात असलं तरी मुंगूसच राहतं. लूट, खाकी, चिठ्ठी यांचंही बहुतेक वेळा तसंच. त्यांच्यावर वेळ घालवू नका. वेळ लागतो तो परदेशात राहून अर्थ बदललेल्या शब्दांना.

ते ओळखायची माझी रीत अगदी साधी आहे. त्या शब्दावर बोट ठेवायचं आणि उरलेलं वाक्य आधी मराठीत लिहून काढायचं. मग मोकळ्या जागेत मराठी माणूस आपणहून काय म्हणेल ते बघायचं. तिथे आलेला शब्द आणि बोटाखालचा शब्द एकच निघाला तर प्रश्न मिटला. वेगळा निघाला तर थांबायचं आणि मजकूर कुठल्या काळातला आहे, बोलणारा कोण आहे, हे तपासायचं. या कामी दोन जुनी पुस्तकं हाताशी ठेवा. यूल आणि बर्नेल यांचा १८८६ चा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या तोंडचे शब्द जुन्या उताऱ्यांसकट देतो, आणि मोल्सवर्थच्या मराठी कोशातून (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) त्याच काळात आपल्याकडे तो शब्द कसा वापरत होते ते कळतं. तुमच्या पत्रांचा काळ नेमका हाच आहे, त्यामुळे दोन्हीचा उपयोग होईल.

'शॅम्पू' हा या परीक्षेचा सगळ्यात चांगला नमुना आहे, म्हणून तो पुरता उलगडते. हिंदुस्थानीत 'चाँपना' म्हणजे दाबणं, आणि 'चाँपो' हे त्याचं आज्ञेचं रूप. आपलं 'चेपणे' त्याच कुळातलं. इंग्रजीत हा शब्द अठराव्या शतकात शिरला तो अंग दाबून देणे याच अर्थाने. पाटण्यात १७५९ साली जन्मलेले शेख दीन महंमद पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झाले आणि ब्रायटनला त्यांनी स्नानगृह चालवलं. वनस्पती घातलेल्या पाण्याची वाफ द्यायची, मग माणसाला फ्लॅनेलच्या तंबूवजा आडोशात बसवायचं आणि मालिश करणाऱ्याने बाहेरून फक्त हात आत घालून त्याचं अंग रगडायचं, असा तो उपचार होता. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांनी त्यांना 'शॅम्पूइंग सर्जन' नेमलं. केस धुण्याचा अर्थ या शब्दाला चिकटला तो १८६० च्या सुमारास, आणि साबणाच्या बाटलीवर तो त्यानंतर बसला.

म्हणजे तुमच्या पत्रांमध्ये जिथे जिथे 'शॅम्पू' आहे तिथे केसांचा संबंध नाही.

मी स्वतः हे चुकून शिकले. भाषांतरं करायला लागून तीन-चार वर्षं झाली असतील. एका लष्करी अधिकाऱ्याच्या जुन्या रोजनिशीत एक प्रसंग होता. लांबच्या कूचानंतर तो तळावर परततो, कढत पाण्याने आंघोळ करतो, मग दोन नोकर त्याला अर्धा तास 'शॅम्पू' करतात आणि तो झोपी जातो. मी सरळ लिहिलं: 'दोन नोकरांनी अर्धा तास त्याच्या केसांना शॅम्पू लावला.' पुढच्याच ओळीत बोटांची पेरं कडकड वाजल्याचा उल्लेख होता, तो मी कसाबसा जुळवून घेतला. खरं तर सगळ्या खुणा समोर होत्या: दोन माणसं, अर्धा तास, पेरं वाजणं, आणि आंघोळ *झाल्यानंतर*. केस धुवायचे असते तर ते आंघोळीतच धुतले असते. छापायला जाण्याआधी एका ज्येष्ठ भाषांतरकारांनी समासात एवढंच लिहिलं, 'दोघे मिळून अर्धा तास केस?' आणि मला कोश उघडावा लागला.

चूक कळल्यावरही योग्य शब्द हाती लागायला वेळ लागला. 'चंपी' पहिल्यांदा सुचला, कुळही जवळचं, पण मराठीत चंपी म्हणजे डोक्याची मालिश. वाचक पुन्हा केसांकडेच गेला असता. 'मर्दन' पुस्तकी झालं. 'मालिश' चाललं असतं, पण मालिश म्हटलं की तेल आलं, आणि उताऱ्यात तेलाचा उल्लेख नव्हता. 'रगडणे' आखाड्यातलं वाटलं. दमून आलेल्या माणसाचं कोरडं अंग दाबून देतात त्याला आपण घरात काय म्हणतो? चेपणं. आणखी एक खड्डा होताच: पेरं वाजवणं हे मी आधी 'बोटं मोडली' असं लिहिलं होतं. मराठीत नोकरांनी बोटं कडाकडा मोडली म्हणजे साहेबाला शिव्याशाप दिले! शेवटी वाक्य झालं ते असं: 'दोघा नोकरांनी अर्धा तास त्याचं अंग चेपून दिलं. बोटं एकेक करून ओढली, पेरं वाजली, आणि तो तिथेच झोपी गेला.' या वाक्यात शॅम्पू कुठे दिसत नाही. पण 'चेपून दिलं' या शब्दांत तो त्याच्या जुन्या अर्थाने आहे.

तुमच्या दुसऱ्या भागात, आजच्या इंग्लंडमध्ये, शॅम्पू म्हणजे शॅम्पू. शेवटचा 'पू' दीर्घ लिहा आणि पुढे जा. मधल्या काळातला, म्हणजे साधारण १८८० पासून पुढचा काही मजकूर असेल, तर 'केस धुतले' एवढंच पुरतं. त्या वेळच्या बायका साबणाचं पाणी किंवा घरगुती मिश्रणं वापरत. तिथे आजची बाटली नको आणि मराठीपणाच्या हौसेने शिकेकाईही नको.

पजाम्याचा घोळ वेगळ्या जातीचा आहे. पाय आणि जामा, म्हणजे पायांचा पोशाख, हा फारसी जोडशब्द आपल्याकडे कमरेखालीच राहिला. मराठीत पायजमा म्हणजे नाडीची सैल विजार, वर सदरा असो की आणखी काही. साहेबांनी ती विजार झोपताना घालायला घेतली, वर त्याच कापडाचा सदरा आला आणि इंग्रजीत 'पजामाज' म्हणजे वरचा-खालचा मिळून झोपण्याचा जोड झाला. म्हणून तिथे हा शब्द अनेकवचनी असतो. संपादकांच्या नियमाने चाललात तर 'त्याने पायजम्याची गळ्यापर्यंतची बटणं लावली' असं वाक्य तयार होईल. असली वाक्यं मी छापील पुस्तकांत पाहिलेली आहेत. खिसा छातीवर असेल, कॉलर असेल, बाह्या दुमडल्या असतील, तर तो पायजमा नव्हे. 'नाइट ड्रेस' किंवा 'रात्रीचे कपडे' लिहा. 'नाइट ड्रेस' हा इंग्रजीतून आलेला शब्द असला तरी घरोघरी रुळलेला आहे. त्याला नाकारून पायजमा आणणं म्हणजे वाचकाला चुकीचे कपडे दाखवणं. १८३० च्या पत्रांत मात्र कुणी एतद्देशीय माणूस पजामा घालून आला असेल, तर तो पायजमा किंवा विजारच. मुसलमान स्त्रीचा असेल तर वर्णन पाहून सलवार किंवा तंग पायजमा.

'टँक'बद्दल तुम्ही विचारलंय ते बरं झालं, कारण इथे सगळ्यात जास्त पाय घसरतात. हा शब्द पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजीत आला. आपलं 'टाके', गुजरातीतला त्याचा भाऊबंद आणि पोर्तुगीजांचा पाणसाठ्याचा शब्द, अशा सगळ्यांचा त्यात हात आहे. गडावर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं डोळ्यांपुढे आणा. पण हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी 'टँक' हा शब्द कुठल्याही बांधीव किंवा खोदलेल्या पाणसाठ्याला लावला. त्यामुळे जुन्या पत्रात 'गावाबाहेरच्या टँकवर बायका धुणं धुत होत्या' असं असेल तर ते तळं किंवा तलाव. त्याला टाकी केलंत तर गच्चीवरची टाकी दिसेल. देवळापुढचा पायऱ्यांचा 'टँक' असेल तर कुंड किंवा पुष्करणी, पण पायऱ्यांचा उल्लेख असेल तरच. डोंगरी किल्ल्यावरचा असेल तर टाकं. स्थळनामांना मात्र हात लावायचा नाही. मुंबईतला गवालिया टँक आणि सी. पी. टँक बुजून जमाना झाला, पण नावं तशीच राहिली. १९४२ च्या 'छोडो भारत'ची घोषणा गवालिया टँक मैदानावर झाली, तिथे 'गवळ्यांचा तलाव' लिहिलं तर कुणाला ओळख पटणार नाही.

अर्थ पूर्णच फिरलेले शब्दही तुम्हाला भेटतील. 'थग' त्यातला. मराठीत ठग किंवा ठक म्हणजे गोड बोलून फसवणारा. इंग्रजीत हा शब्द गेला तो वाटसरूंचा विश्वास मिळवून रुमालाने गळा आवळणाऱ्या टोळ्यांबरोबर, स्लीमन या कंपनीच्या अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात त्यांच्याविरुद्ध मोहीम उघडली तेव्हाच्या बातम्यांमधून. पुढे तिथे फसवणूक गळाली आणि मारहाण उरली. तुमच्या पत्रांत ठग, आजच्या लंडनच्या गल्लीत गुंड. याहून विचित्र गत 'जगरनॉट'ची. पुरीच्या जगन्नाथाच्या रथाखाली भक्त अंग झोकून देतात, अशी वर्णनं युरोपात पसरली आणि इंग्रजीत या शब्दाचा अर्थ झाला समोर येईल ते चिरडत जाणारी शक्ती. आपल्याकडे 'जगन्नाथाचा रथ' म्हणजे पुष्कळांनी हात लावल्याशिवाय न हलणारं काम. एकच रथ, पण तिथले लोक चाकाखाली बघतात आणि आपण दोराकडे बघतो. म्हणून 'युद्धाचा जगन्नाथाचा रथ' असं भाषांतर मराठीत उलटा अर्थ देतं. चिरडण्यासाठी मराठीत 'वरवंटा' आहे, 'युद्धाचा वरवंटा फिरला' यात सगळं आलं. आणि ब्रिटिश लेखिका महामार्गावरच्या 'जगरनॉट'बद्दल बोलत असेल तर तो नुसता अवजड ट्रक आहे.

एका शब्दावर मात्र मी जास्त काळजीने काम करते, तो 'पराया' किंवा 'पारिया'. मुळात तो तमिळ प्रदेशातल्या परैयर समाजाच्या नावावरून आला. एका जातीचं नाव इंग्रजीत 'कुणीही जवळ करत नाही असा' या अर्थाने सर्रास वापरलं जातं. उच्चारावरून आपला 'परका' अर्थाचा 'पराया' आठवतो, पण त्याच्याशी याचं काही नातं नाही, आणि ती गल्लत झालेली मी पाहिली आहे. आजच्या मजकुरात 'पारिया राष्ट्र' असेल तर 'वाळीत टाकलेलं राष्ट्र' लिहा. जातीचं नाव उपमेत येऊ देऊ नका. 'बहिष्कृत' हा शब्दही अर्थाने जुळतो, पण डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' सुरू केल्यापासून मराठीत त्या शब्दामागे एक इतिहास उभा आहे. मित्रांनी पार्टीला बोलावलं नाही एवढ्यासाठी मी तो खर्च करत नाही, तिथे 'एकटा पाडला' पुरतं. आणि १८३० च्या पत्रात साहेब खरोखरच त्या समाजातल्या माणसाविषयी लिहीत असेल, तर परैयर असं स्पष्ट लिहा आणि गरज पडली तर तळटीप द्या. 'पारिया डॉग' म्हणजे गावठी कुत्रा, त्यात समाजाला ओढू नका.

काही वेळा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून परत आलेला असतो आणि मूळ शब्दही घरात नांदत असतो. खाट आणि कॉट बघा. खाट इंग्रजीत गेली, कॉट होऊन परतली, आणि आज मराठीत दोन्ही आहेत. मराठीने त्यांना किती जवळ केलंय हे विभक्ती लावल्यावर कळतं. आपण 'खाटेवर' म्हणतो, पण 'कॉटवर'. खाटेला सामान्यरूप होतं, कॉट पाहुण्यासारखी ताठ उभी राहते. दोन्हींची चित्रंही वेगळी: खाट काथ्याने किंवा नवारीने विणलेली, कॉट लोखंडी किंवा लाकडी. 'जिमखाना' याच्या उलट. 'गेंदखाना'चं इंग्रजांच्या तोंडी जिमखाना झालं असं मानतात, म्हणजे शब्दाचा पुढचा अर्धा भाग इंग्रजी वळणाचा, तरी आपण बिनदिक्कत 'जिमखान्यात' म्हणतो. मागच्या 'खाना'ने त्याला घरचा करून टाकलं.

याचा तुम्हाला उपयोग असा की, एखादं रूप मराठीत रुळलंय की नाही याची शंका आली तर ते 'त', 'ला', 'वर' लावून मोठ्याने म्हणून बघा. 'बंगलोत' म्हणताना जीभ अडखळते, 'बंगल्यात' म्हणताना नाही. पण रुळलेला शब्द योग्य असेलच असं नाही, एवढं ध्यानात ठेवा. ब्रिटिश इंग्रजीत 'कॉट' म्हणजे तान्ह्या मुलाचा कठड्याचा पलंग. तिथे 'बाळाला कॉटवर ठेवलं' असं लिहिलं तर बाळ पडेल की काय, अशी वाचकाला धास्ती वाटेल. तसंच इंग्लंडच्या खेड्यातलं 'जिमखाना' म्हणजे मुलांच्या घोडेस्वारीच्या स्पर्धा. 'तिची मुलगी तट्टू घेऊन जिमखान्यात गेली' हे वाचून आपला वाचक डेक्कन जिमखान्यावर तट्टू शोधायला लागेल.

संपादकांशी वाद घालत बसू नका. अशा शब्दांची एक यादी करा: इंग्रजी शब्द, जुन्या भागात काय लिहिलं, नव्या भागात काय लिहिलं, आणि शेजारी कारण एका ओळीत. माझ्या अनुभवात असे शब्द एका पुस्तकात वीस-पंचवीसच्या वर जात नाहीत. पहिल्या प्रकरणासोबत ती यादी पाठवली की चर्चा शब्दागणिक होते, तत्त्वावर अडत नाही. त्यांचा आग्रह राहिलाच तर एखादा शब्द सोडून द्या, पण बंगला आणि शॅम्पू सोडू नका. त्यांत नुसता सूर बदलत नाही, घटनाच बदलते.

एका जागी मात्र इंग्रजी रूप तसंच ठेवावं लागतं: लेखक त्या शब्दाच्या प्रवासाबद्दलच बोलत असेल तेव्हा. मी केलेल्या एका पुस्तकात इंग्रज घरमालकीण भारतीय भाडेकरूला कौतुकाने विचारते, तुमच्याकडे असतात का हो असले बंगलो? तो हसून म्हणतो, हा शब्द आमचाच आहे. तिथे 'बैठं घर' लिहिलं तर संवादच मरतो, आणि दोघांच्या तोंडी 'बंगला' घातला तर तिचा प्रश्न वेडगळ वाटतो. मी तिच्या तोंडी 'बंगलो' ठेवला आणि त्याच्या तोंडी 'बंगला'. निवेदनात आधीच एकदा 'त्या एकमजली घरात' असं येऊन गेलं होतं, त्यामुळे तळटीप लागली नाही.